404 चं पान आणि आतून 200: एरर पेजच्या या चुका टाळा

समजा, कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानाने वेबसाइट काढली. सुरुवातीला कापशी, कुरुंदवाडी अशी पाचपन्नास पानं. मग डिझाइन वाढली, प्रत्येक साइझला वेगळा पत्ता आला, जुनी डिझाइन बंद झाली. बंद झालेल्या पत्त्यांसाठी कुणीतरी छान एरर पेज बनवलं: चपलेचं चित्र, खाली 'अरेच्चा, हे पान सापडलं नाही.' दिसायला सगळं व्यवस्थित. पण गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये Soft 404 या नावाखाली पत्ते साठायला लागतात.

माणूस पानावरचा मजकूर वाचतो. गुगलसाठी पानं तपासत फिरणारा क्रॉलर आधी सर्व्हरचा स्टेटस कोड बघतो. मजकूर 'सापडलं नाही' म्हणतो आणि कोड 200, म्हणजे 'सगळं ठीक', म्हणतो. दारावर 'दुकान बंद' अशी पाटी आणि आतून 'या, बसा' असा आवाज, तसं हे. यालाच सॉफ्ट 404 म्हणतात. खरा 404 मिळाला की गुगल त्या पत्त्यावर येणं हळूहळू कमी करतं. सॉफ्ट 404 मात्र पुन:पुन्हा तपासला जातो आणि नव्या डिझाइनच्या पानांसाठीच्या फेऱ्या तिकडे खर्ची पडतात.

स्वतः तपासायला मुद्दाम नसलेला पत्ता विचारा:

```
curl -sIL https://example.com/kahitari-chukicha
```

या दुकानाच्या साइटवर उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा येतात:

```
HTTP/1.1 302 Found
Location: https://example.com/404.html
HTTP/1.1 200 OK
```

दोष बहुतेक वेळा अपाचेच्या एका ओळीत असतो. `.htaccess` मध्ये एरर पेजचा पत्ता `https://` सकट पूर्ण लिहिलेला असतो. तसा लिहिला की अपाचे 404 देत नाही, त्या पत्त्याकडे वळवतं. वळवलेलं पान सर्व्हरवर खरोखरच असतं, म्हणून तिथे 200. शिवाय 302 म्हणजे तात्पुरतं वळण, त्यामुळे क्रॉलर जुना पत्ताही सोडत नाही. उपाय एवढाच, की साइटच्या आतला मार्ग लिहायचा:

```
ErrorDocument 404 /404.html
```

तीच आज्ञा पुन्हा चालवली की HTTP ची एकच ओळ दिसली पाहिजे, 404 ची. एनजिनएक्स असेल तर `error_page 404 =200 /404.html;` असं काही आहे का बघा. त्यातलं `=200` काढलं की झालं.

आता टायटल. एरर पेजला मुख्यपानाचंच टायटल ठेवायची सवय फार आहे, कारण टेम्प्लेट तेच वापरलेलं असतं. मग अ‍ॅनालिटिक्समध्ये चुकीचे पत्ते मुख्यपानाच्या आकड्यात मिसळतात आणि कुठली लिंक तुटली ते कळत नाही. 'पान सापडलं नाही' असं स्वतंत्र टायटल द्या, आणि ते दुसऱ्या कुठल्याही पानाला देऊ नका. वरची दुरुस्ती केल्यावर ब्राउझरमध्ये मूळ पत्ता तसाच राहतो, त्यामुळे या टायटलने गाळणी लावली की तुटलेल्या पत्त्यांची यादीच हातात येते. 302 चालू असताना सगळे /404.html याच नावाने दिसत होते.

टायटल बदलून स्टेटस कोड मात्र बदलत नाही. 'टायटलमध्ये 404 लिहिलंय की' हे उत्तर ऐकायला मिळतं, पण त्याने काही सुटत नाही. उलट, साइझ 8 तात्पुरती संपली म्हणून चालू डिझाइनच्या पानाला 'उपलब्ध नाही' टायटल देऊन फोटो, वर्णन काढून टाकलं, तर चांगलं पानही सॉफ्ट 404 ठरू शकतं. तिथे मजकूर ठेवा आणि फक्त स्टॉक संपल्याचं सांगा.

बंद डिझाइनचे सगळे पत्ते मुख्यपानाकडे वळवणं हीसुद्धा तीच चूक. गुगल अशा वळवण्यालाही सॉफ्ट 404 धरू शकतं. त्याच डिझाइनची नवी आवृत्ती असेल तर तिकडे कायमचं वळवणारा 301, नसेल तर सरळ 404 किंवा 'पान कायमचं गेलं' सांगणारा 410.

खरा पसारा फिल्टरमध्ये असतो. 6 प्रकार, 8 रंग, 7 साइझ, 5 किंमतपट्टे: 1,680 जोड्या. क्रमवारीचे 4 पर्याय जोडले की 6,720 पत्ते, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी 'एकही चप्पल नाही' एवढंच. निकाल शून्य असेल तर सर्व्हरने 404 द्यावा, असं गुगलचंही सांगणं आहे. हे पत्ते मुळात क्रॉल व्हायलाच नको असतील तर `robots.txt` ने अडवा. पण मग त्यांचा 404 क्रॉलरला दिसणार नाही, म्हणून एका पत्त्यासाठी दोन्हीपैकी एकच उपाय निवडा.

दोनतीनशे पानांच्या साइटला क्रॉलच्या फेऱ्यांची चिंता करायचं तसं कारण नाही. फिल्टरमुळे पत्ते हजारांत गेले की मात्र हे आधी बघा.

दुरुस्तीनंतर सर्च कन्सोलमध्ये Soft 404 चा आकडा हळूहळू उतरतो आणि Not found चा वाढतो. मालकाचा घाबरून फोन येतो तो याच वेळी. वाढलेले पत्ते उघडून बघा: बंद डिझाइन आणि रिकामे फिल्टर असतील तर काही करायचं नाही. चालू चप्पल त्यात दिसली, तर ती लिंक कुठून तुटली ते शोधा.