अरबी अनेकवचनाचं विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी का? इंग्रजीत उतरवताना या चुका टाळा

दुबई-अबुधाबीत काम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या कागदपत्रांवर अरबी व्याकरणाचा एक नियम छापलेला असतो. देशाचं नाव आहे 'अल-इमारात अल-अरबिय्या अल-मुत्तहिदा'. 'इमारात' हे 'इमारा'चं, म्हणजे अमिरातीचं, अनेकवचन. त्यापुढची 'अरबिय्या' आणि 'मुत्तहिदा' ही दोन्ही विशेषणं मात्र स्त्रीलिंगी एकवचनात आहेत. 'अल-उमम अल-मुत्तहिदा' म्हणजे संयुक्त राष्ट्रं, तिथेही तसंच. प्रमाण अरबीत माणसं सोडून इतर कशाचंही अनेकवचन आलं, की त्याचं विशेषण, सर्वनाम, दर्शक शब्द आणि मागून येणारं क्रियापद हे सगळं एका स्त्रीलिंगी वस्तूबद्दल बोलल्यासारखं चालतं. मूळ नाम पुल्लिंगी असलं तरी फरक पडत नाही. 'किताब जदीद' म्हणजे नवं पुस्तक, पण 'कुतुब जदीदा' म्हणजे नवी पुस्तकं.

नियम एका ओळीत संपतो आणि पाठही होतो. घोळ होतो तो इंग्रजी करताना. इंग्रजी विशेषणाला ना लिंग ना वचन, त्यामुळे अरबीत 'जदीद', 'जदीदा', 'जुदुद' काहीही असो, इंग्रजीत 'न्यू' एवढंच उरतं. म्हणजे अरबी विशेषण जी खूण देतं, ती वाचून, वापरून, मग टाकून द्यायची असते. ती न वाचताच टाकली किंवा चुकीची वाचली, की पुढच्या गडबडी सुरू होतात.

विशेषणावरून वचन ठरवणं

'रिसाला जदीदा' म्हणजे एक नवं पत्र. 'रसाइल जदीदा' म्हणजे नवी पत्रं. 'मदीना कबीरा' एक मोठं शहर, 'मुदुन कबीरा' मोठी शहरं. विशेषण दोन्हीकडे अक्षरशः तेच. ओळखीचं 'कबीरा' दिसलं की नवशिक्या माणूस 'अ बिग सिटी' लिहून मोकळा होतो, कारण 'मुदुन' हे मोडून केलेलं अनेकवचन आहे आणि त्याच्या शेवटी अनेकवचनाचा प्रत्यय नाही. त्यात अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर दाखवत नाहीत, त्यामुळे 'मुदुन' कागदावर नुसतं म-द-न असतं. इथे मदत फक्त नामाची. स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण दिसलं पण त्याच्या आधीच्या नामाला शेवटी स्त्रीलिंगाची खूण असलेला गोल 'ता' नाही, तर थांबा आणि कोश उघडा. ते नाम 'शम्स' म्हणजे सूर्य किंवा 'हर्ब' म्हणजे युद्ध यांच्यासारखं मुळातच स्त्रीलिंगी असेल, नाहीतर अनेकवचन असेल. बहुतेक वेळा दुसरंच निघतं.

याचीच उलटी चूकही होते. 'अस्आर मुर्तफिआ' म्हणजे चढे भाव, हे वाचून 'भाव' हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी आहे अशी नोंद वहीत केली जाते. पण एक भाव म्हणजे 'सिअर', आणि चढा भाव म्हणजे 'सिअर मुर्तफिअ', पुल्लिंगी. अनेकवचनाच्या विशेषणावरून मूळ नामाचं लिंग कधीच कळत नाही. शब्दसंग्रह करताना एकवचनच लिहून घ्यावं.

मराठी कानाला पडणारी भूल

आपल्याला हा नियम इंग्रजी माणसापेक्षा लवकर पचतो. 'नवी वही आली' आणि 'नवी पुस्तकं आली' यात 'नवी' आणि 'आली' सारखेच आहेत. 'ती' हे सर्वनाम एका वहीलाही चालतं आणि ढीगभर पुस्तकांनाही. जुन्या शुद्धलेखनात नपुंसकलिंगी अनेकवचनावर अनुस्वार देत, तो गेला आणि दोन्ही रूपं दिसायलाही एक झाली. त्यामुळे 'कुतुब जदीदा' आपल्याला खटकत नाही.

पण इथेच गाडी रुळावरून घसरते. मराठीत ही जुळणी शब्दाच्या लिंगावरून होते, अरबीत मात्र माणूस की माणूस नाही यावरून. 'मुलं' मराठीत नपुंसकलिंगी, म्हणून 'लहान मुलं'चं अरबी करताना हात आपोआप 'अवलाद सगीरा'कडे जातो. मुलं ही माणसं आहेत, तेव्हा 'अवलाद सिगार' हवं, अनेकवचनी विशेषणासकट. आणि 'नव्या गाड्या' मराठीत स्पष्ट अनेकवचन, पण अरबीत 'सय्यारात जदीदा'.

'सय्यारात'मध्ये आणखी एक मोह असतो. शेवटचा 'आत' ऐकून विशेषणालाही 'आत' जोडला जातो: 'सय्यारात जदीदात'. 'मुदर्रिसात जदीदात' बरोबर आहे, कारण त्या शिक्षिका आहेत. गाड्यांना आजच्या लेखी अरबीत ते शोभत नाही. जुन्या भाषेत मात्र दोन्ही रूपं सापडतात. कुराणातल्या बकरा सूरेतच ८०व्या आयतीत 'अय्यामन मअदूदा' आहे आणि १८४व्या आयतीत 'अय्यामन मअदूदात'. दोन्हीचा अर्थ मोजके दिवस. बोलीतही लोक वस्तूंना सर्रास अनेकवचनी विशेषण लावतात. म्हणून बाजारात ऐकलेलं किंवा जुन्या ग्रंथात वाचलेलं रूप दाखवून सरकारी पत्रातलं वाक्य 'चूक' ठरवू नये.

विशेषण नक्की कुणाचं?

अनुवादात सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती शिकवताना फारशी कुणी सांगत नाही. अरबीत 'कंपन्यांचं धोरण' म्हणायचं तर दोन नामं एकमेकांना चिकटून येतात: 'सियासत अश-शरिकात'. मध्ये विशेषण घालता येत नाही. ते पहिल्या नामाचं असो वा दुसऱ्याचं, शेवटीच येतं. आता वाचा: 'सियासत अश-शरिकात अल-जदीदा'. 'सियासा' म्हणजे धोरण, स्त्रीलिंगी एकवचन. 'शरिकात' म्हणजे कंपन्या, माणसांखेरीजचं अनेकवचन, म्हणून तेही स्त्रीलिंगी एकवचनासारखंच वागतं. मग नवं काय आहे? 'द न्यू पॉलिसी ऑफ द कंपनीज' की 'द पॉलिसी ऑफ द न्यू कंपनीज'? करारात या दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि अरबी अक्षरं मात्र दोन्हीला तीच.

पूर्ण उच्चार केला तर शेवटचा विभक्तीचा स्वर उत्तर देतो: धोरण कर्ता असेल आणि तेच नवं असेल तर 'जदीदतु', कंपन्या नव्या असतील तर 'जदीदति'. पण तो स्वर छापत नाहीत आणि बातम्या वाचणारेही बऱ्याचदा गिळतात.

पहिलं नाम पुल्लिंगी असतं तर हा पेच पडलाच नसता. 'करार' म्हणजे अरबीत निर्णय, पुल्लिंगी. आपल्या 'करारा'शी गल्लत नको. 'करार अश-शरिकात अल-जदीद' म्हणजे नवा निर्णय, आणि 'करार अश-शरिकात अल-जदीदा' म्हणजे नव्या कंपन्यांचा निर्णय. दुसरं नाम माणसांचं असतं तरी सुटका होती: 'सियासत अल-मुदर्रिसीन अल-जुदुद' यात नवे आहेत ते शिक्षकच. पेच पडतो तो दोन्ही बाजू स्त्रीलिंगी एकवचनावर येऊन मिळाल्या की. म्हणून अशी जोडी दिसली, की आधी दोन्ही नामांपुढे ते विशेषण वेगवेगळं लावून बघावं. दोन्हीकडे बसत असेल तर व्याकरणाने हात टेकले असं समजावं आणि मजकुरात शोधावं. आधीच्या परिच्छेदात नव्या कंपन्यांची यादी आहे का? पुढे कुठे 'अस-सियासा अल-जदीदा लिश-शरिकात' असं सुटं करून लिहिलंय का? काळजीपूर्वक लिहिणारे असाच 'लि', म्हणजे 'चा-ची-चं', वापरून गोंधळ टाळतात. काहीच नाही मिळालं तर ज्याचा मजकूर आहे त्याला विचारावं. कानाला बरं वाटतं म्हणून एक अर्थ निवडणं हे माझ्या मते अनुवादकाने करायचं काम नाही.

अमिरातीचं पूर्ण नावच बघा: 'दौलत अल-इमारात अल-अरबिय्या अल-मुत्तहिदा'. 'दौला' म्हणजे राज्य, तेही स्त्रीलिंगी. नुसत्या रूपावरून 'संयुक्त अरब राज्य' असंही लावता आलं असतं. संयुक्त झाल्या त्या अमिराती, हे आपल्याला १९७१चा इतिहास सांगतो, व्याकरण सांगत नाही.

'हा' या प्रत्ययाचं इंग्रजी

अरबीतला 'हा' हा जोडप्रत्यय इंग्रजीत 'हर', 'इट', 'इट्स', 'देम', 'देअर' यांपैकी काहीही होऊ शकतो. 'अश-शरिकात व मुवज्जफूहा' म्हणजे 'द कंपनीज अँड देअर एम्प्लॉईज'. 'इट्स' लिहिलं तर एकच कंपनी उरते.

एक वाक्य पूर्ण सोडवू: 'नशरत अल-वजारा लवाइह अल-अमल अल-जदीदा, व कालत इन्नहा सतुतब्बक अला जमीअ अश-शरिकात.' मंत्रालयाने कामाचे नियम प्रसिद्ध केले आणि म्हटलं की... पुढे 'इन्नहा', म्हणजे 'की ती'. ती कोण?

आधी 'अल-जदीदा' सोडवू. लगतचं नाम 'अमल', म्हणजे काम, पुल्लिंगी. ते असतं तर 'अल-जदीद' आलं असतं. म्हणून नवे आहेत ते 'लवाइह', म्हणजे नियम, 'लाइहा'चं अनेकवचन. इंग्रजी 'द न्यू वर्क रेग्युलेशन्स'. आता 'इन्नहा'. स्त्रीलिंगी एकवचनी दावेदार दोन: 'वजारा' हे खरंखुरं स्त्रीलिंगी एकवचन आणि 'लवाइह' हे नियमाने आलेलं. निकाल क्रियापद देतं. 'सतुतब्बक' कर्मणी आहे, 'लागू केलं जाईल'. मंत्रालय लागू केलं जात नाही, नियम केले जातात. तेव्हा 'दे विल बी अप्लाइड टू ऑल कंपनीज'. इथे 'इट विल बी अप्लाइड' लिहिलेलं मी तपासायला आलेल्या अनुवादांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. लिहिणाऱ्याने सर्वनामाचं वचन अरबीतून उचललेलं असतं, ज्या नामाबद्दल ते आहे त्याच्याकडे पाहिलेलंच नसतं.

कधी व्याकरण दोन्हीकडे सारखं असतं आणि फक्त जगाची समज उपयोगी पडते. 'बाअत अश-शरिका सय्यारातिहा अल-कदीमा लिअन्नहा तहताज इला सियाना': कंपनीने जुन्या गाड्या विकल्या, कारण 'तिला' दुरुस्ती लागते. दुरुस्ती गाड्यांना लागते, म्हणून इंग्रजीत 'बिकॉज दे'. शेवटच्या 'सियाना'च्या जागी 'अल-माल', म्हणजे पैसा, ठेवा. आधीचा एक शब्दही हलला नाही, पण गरज आता कंपनीला आहे आणि इंग्रजीत 'बिकॉज इट' हवं.

आकडा आला की

हा नियम अनेकवचनी रूपाला लागतो, अनेक वस्तूंना नाही. दोन पुस्तकं म्हणजे द्विवचन, तिथे 'किताबान जदीदान', विशेषणही द्विवचनी आणि पुल्लिंगीच. तीन ते दहापर्यंत नाम अनेकवचनात येतं, म्हणून 'थलाथत कुतुब जदीदा'. अकरापासून नव्याण्णवपर्यंत अरबी नाम पुन्हा एकवचनात जातं, त्यामुळे वीस नवी पुस्तकं म्हणजे 'इश्रून किताबन जदीदन'. 'जदीदा' इथे चालणार नाही, कारण समोर 'किताब' आहे, 'कुतुब' नाही. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी 'न्यू बुक्स'.