सायकल टाइमवरून तारीख देताना या चुका टाळा

बिलाची पीडीएफ आपोआप ईमेलने जावी, अशी मागणी ग्राहकाने ३ जूनला नोंदवली, डेव्हलपरने त्या कामाचे बोर्डावरचे कार्ड १५ जूनला हाती घेतले आणि २० जूनला काम ग्राहकाच्या हाती पडले, असे समजा. पहिला व शेवटचा दिवस धरून मोजल्यास काम हाती घेतल्यापासूनचा सायकल टाइम ६ दिवसांचा, तर मागणीपासूनचा लीड टाइम १८ दिवसांचा भरतो. ‘असे काम आम्ही ६ दिवसांत करतो’ हे टीमचे म्हणणे खोटे नसते. पण ग्राहक मागणी केल्या दिवसापासून मोजत असतो आणि बॅकलॉगमध्ये गेलेले १२ दिवस त्याच्या हिशेबात असतातच. काम हाती घेतल्यावरच तारीख देणार असाल तर सायकल टाइम वापरावा, मागणी येताक्षणी देणार असाल तर लीड टाइम.

दुसरी चूक सरासरीची. एका टीमच्या शेवटच्या २० कार्डांचे सायकल टाइम चढत्या क्रमाने असे आहेत: १, २, २, २, ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ५, ६, ६, ७, ८, ११, १४, २५. सरासरी ६ येते, पण ६ दिवसांचा शब्द दिला असता तर २० पैकी ५ कार्डांच्या बाबतीत तो मोडला असता. त्याऐवजी सतरावा आकडा पाहावा: १७ कार्डे, म्हणजे ८५ टक्के कामे, ८ दिवसांच्या आत झाली आहेत. २५ दिवसांचे कार्ड ‘अपवाद’ म्हणून वगळण्याचा मोह होतो, पण तेवढ्यावर उरलेली दोन कार्डे उशिराची राहतातच. ते कुठे अडकले होते हे शोधणे अधिक उपयोगाचे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ३० कार्डे उरली असताना ३० ला ६ ने गुणून १८० दिवस सांगणे. कार्डे एकामागून एक नव्हे, तर समांतर चालतात. म्हणून येथे दर आठवड्याला किती कार्डे पूर्ण झाली तो आकडा घ्यावा लागतो. गेल्या ८ आठवड्यांत ३, ५, २, ६, ४, ४, १, ५ अशी एकूण ३० कार्डे झाली असतील, तर पुढच्या ३० कार्डांनाही ८ आठवडे लागतील असे वाटते. मात्र या आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या करून, प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकत, बेरीज ३० होईपर्यंत त्या काढत राहिलो आणि हा खेळ संगणकाकडून हजारो वेळा करून घेतला, तर ८ आठवड्यांत काम संपण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच अधिक निघते. ९ आठवड्यांना ती सुमारे ८० टक्के आणि १० आठवड्यांना ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. कामाच्या आकाराचा अंदाज देणारे स्टोरी पॉइंट कुठेच लागले नाहीत. मात्र पुढची कार्डे मागच्यांसारखीच आणि टीम तीच असेल, हे यात गृहीत आहे.

आकडे संशयास्पदरीत्या चांगले दिसू लागले, तर टेस्टिंगमधून परत आलेले एखादे कार्ड उघडून पाहावे. बोर्ड बहुधा पहिल्या सुरुवातीऐवजी शेवटच्या सुरुवातीपासून दिवस मोजत असतो.