शाळेच्या रजिस्टरमधलं नाव दुरुस्त करताना: अर्जाआधीची तयारी

अर्ज लिहायला बसण्याआधी चूक नेमकी कुठे झाली ते शोधा. शाळेच्या कार्यालयातून जनरल रजिस्टरचा उतारा मागून घ्या आणि तो जन्मदाखल्याशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. समजा जन्मदाखल्यावर 'शर्वरी' आणि SHARVARI आहे, रजिस्टरात मात्र 'शर्वारी' आणि SHARWARI पडलंय. म्हणजे दुरुस्त्या दोन झाल्या. अर्जात मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्वतंत्र लिहा, नाहीतर एक सुधारते आणि दुसरी तशीच राहते.

मूल चौथी किंवा सातवीनंतर दुसऱ्या शाळेत आलं असेल तर आधीच्या शाळेचा दाखला जरूर बघा. नवी शाळा दाखल्यावरचं नाव जसंच्या तसं उतरवून घेते. चूक तिथलीच असेल तर आताचे मुख्याध्यापक ती परस्पर बदलू शकत नाहीत. सुरुवात पहिल्या शाळेपासूनच करावी लागते. इथेच बहुतेकांचे हेलपाटे वाढतात.

सर्वांत वजन जन्मदाखल्याला, कारण ती नोंद प्रवेशाच्या आधीची असते. शहरात जन्म झाला असेल तर कोल्हापूर महानगरपालिकेचा, करवीर-कागलच्या एखाद्या गावात झाला असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीचा दाखला घ्या. प्रवेशानंतर काढलेलं आधार नुसतं जोडून भागत नाही. शाळेची नोंद करताना लिहिण्यात चूक झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. जन्मदाखल्यातच चूक असेल तर आधी तो दुरुस्त करून आणा.

अर्ज 'मा. मुख्याध्यापक' यांच्या नावे, एका पानाचा. विषयात 'जनरल रजिस्टरमधील नावात दुरुस्ती करणेबाबत' असं लिहा. पाल्याची इयत्ता, तुकडी, रजिस्टर क्रमांक आणि प्रवेशाची तारीख हवीच. मग सरळ लिहा: 'माझ्या मुलीचे नाव रजिस्टरमध्ये शर्वारी (SHARWARI) असे नोंदले गेले आहे. जन्मदाखल्यानुसार ते शर्वरी (SHARVARI) असे आहे. ही लेखनातील चूक असून नावात बदल केलेला नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. चुकीची दुरुस्ती आणि नावातला बदल या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि बदलासाठी राजपत्र मागतात. सोबत जन्मदाखला, रजिस्टरचा उतारा, मुलाचं आणि अर्जदार पालकाचं आधार यांच्या स्वतः सही केलेल्या प्रती जोडा. मूळ कागद दाखवायला न्या, पण देऊन येऊ नका. शाळेनं प्रतिज्ञापत्र मागितलं तर त्यातही चुकीचं आणि बरोबर, दोन्ही रूपं अर्जाप्रमाणेच असू द्या.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. पुढे शाळा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवते, तेव्हा पाठपुराव्याला हाच क्रमांक लागतो. हे सगळं दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी उरकायला हवं. शाळा सोडल्यावर तर ही दुरुस्ती फारच अवघड होते.

मंजुरी आली की रजिस्टरात आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही पडली का ते पाहा. मग यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीवरचं नावही बदलून घ्या आणि नवा उतारा मागा.