चाळीस माणसांचा नाश्ता: उपम्याला पाणी किती, पोह्यांना किती

‘एक वाटी रवा, तीन वाट्या पाणी’ हे चार माणसांच्या उपम्याचं प्रमाण आहे. लग्नघरात चाळीस माणसं उतरलेली असताना तेच दहा-पंधरा पट केलं की उपमा बिघडतो, आणि तरीही जो तो हेच प्रमाण सांगत असतो. पोह्यांचं तर त्याहून वाईट. ‘पोह्यांना पाणी किती घालू?’ या प्रश्नाला लोक चक्क वाट्यांत उत्तर देतात.

आमच्या घरच्या कार्यात नाश्ता बाहेरून मागवत नाहीत, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा हे दोन्ही पदार्थ माझ्या हातून मोठ्या प्रमाणात होतात. खाली दिलेलं प्रमाण चाळीस माणसांचं आहे. नाश्त्याला उपमा आणि पोहे दोन्ही आहेत आणि प्रत्येक जण दोन्ही थोडं थोडं घेणार, असं धरलं आहे. त्यासाठी जाड रवा दीड किलो आणि जाडे पोहे दोन किलो लागतात. एकच पदार्थ करणार असाल तर माणशी रवा ५० ते ६० ग्रॅम किंवा पोहे ७० ते ८० ग्रॅम धरा.

उपम्याचं पाणी

आधी वाटी बाजूला ठेवा आणि रवा वजनावर घ्या. वाटी कुणी शिगोशीग भरतं, कुणी सपाट. एका वाटीला हा फरक कळत नाही, पण पंधरा वाट्यांत तो पावशेराच्या घरात जातो. वजन आणि लिटर या भाषेत बोललं की वाद उरत नाही. सपाट वाटीचं एकास तीन प्रमाण वजनात बसवलं तर एक किलो रव्याला साधारण साडेचार लिटर पाणी होतं. मोठ्या पातेल्यात हे पाणी जास्त आहे.

का जास्त, ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. घरच्या कढईत तीन वाट्या पाणी उकळेपर्यंत आणि नंतर रवा शिजेपर्यंत त्यातलं बऱ्यापैकी पाणी वाफ होऊन जातं. कढई पसरट आणि पाणी थोडं, म्हणून. मोठ्या पातेल्यात पाणी दहा पटींहून अधिक झालं तरी पातेल्याचं तोंड काही दहा पट मोठं होत नाही. त्यामुळे वाफेवर जाणारा वाटा कमी होतो आणि जास्तीचं पाणी रव्यातच राहतं. शिवाय एवढा मोठा गोळा गॅस बंद केल्यावरही बराच वेळ आतल्या आत शिजत राहतो.

पण पाणी सरसकट कमी करून टाकणं हीसुद्धा चूकच. मी एकदा असं केलं होतं. साडेआठला वाढलेला उपमा छान होता, मात्र साडेनऊला अंघोळ उरकून आलेल्या मंडळींना तो सुरीने कापून द्यावा लागला. गार होता होता रवा घट्ट बसत जातो आणि घरच्या कार्यात सगळे एका वेळी कधीच जेवायला किंवा नाश्त्याला बसत नाहीत.

म्हणून मी पाणी दोन भागांत घेते. एक किलो रव्याला साडेतीन लिटर पातेल्यात आणि अर्धा लिटर वेगळ्या भांड्यात, शेवटपर्यंत उकळतं. आपल्या दीड किलोला हे सव्वापाच लिटर आणि पाऊण लिटर होतं. बाजूच्या पाण्यावर कुणालाही हात मारू देऊ नका. चहावाले ते हमखास पळवतात.

टोमॅटो घालणार असाल तर त्याचं पाणीही मोजावं लागतं. दीड किलो रव्याला अर्धा किलो टोमॅटो घातले तर पातेल्यातलं पाणी पाव लिटरने कमी करा. कांदा गुलाबी होईपर्यंत परतला की त्याचं पाणी आटलेलंच असतं, तो मोजू नका. आणि बारीक रवा शिऱ्याला ठेवा. मोठ्या प्रमाणात त्याच्या गुठळ्या आवरत नाहीत.

रवा भाजणं

दीड किलो रवा दोन घाण्यांत, मंद आचेवर, खमंग वास सुटून हाताला हलका लागेपर्यंत भाजा. रंग बदलू देऊ नका. उपमा चिकट झाला की सगळे पाण्याला दोष देतात. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा रवा कच्चा भाजलेला असतो. भाजलेला रवा परातीत पसरून निववा.

रवा पाण्यात सोडणं

पातेलं निदान पंधरा लिटरचं हवं. तीनशे मिलिलिटर तेल-तुपाची फोडणी, उडदाची डाळ, आलं, मिरची, कढीपत्ता, कांदा हे नेहमीसारखंच. मग पाणी, मीठ आणि थोडी साखर. मीठ साठ ग्रॅमच्या आसपास लागतं, पण चव पाण्याचीच घ्या: आमटीपेक्षा किंचित खारट लागलं पाहिजे. रवा पडल्यावर मीठ सारखं करता येत नाही.

हे काम दोन माणसांचं आहे. एकाने रवा बारीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्याने लांब दांड्याच्या कालथ्याने तळापासून ढवळत राहायचं. पाणी खळखळ उकळत असलं पाहिजे आणि रवा पडताना ती उकळी मोडता कामा नये. दीड किलोला दोन-तीन मिनिटं लागतात. भाजलेल्या रव्यावर उकळतं पाणी ओतायची पद्धत घरच्या कढईत ठीक आहे. एवढ्या रव्यावर पाच लिटर पाणी ओतलं तर वाफेने हात भाजतो. आमच्याकडे ते घडलेलं आहे, तेव्हा करू नका.

आता सगळ्यात अवघड वेळ येते. सगळा रवा पडला की पातेल्यात खिरीसारखं पातळ काहीतरी दिसतं आणि ते बघून भोवतालच्या बायकांचा धीर सुटतो. माझ्या पहिल्या मोठ्या उपम्याला आत्या म्हणाली, “अगं, हे फार पातळ झालंय, दोन मुठी रवा टाक बरं अजून.” मी टाकला. तो कोरडा रवा वरच्या दाट थरात अडकला, त्याच्या गुठळ्या झाल्या आणि आत पांढरे कच्चे कण राहिले. पाच मिनिटांनी खालचा रवा फुलला, तेव्हा मूळचं पाणी बरोबर होतं हे कळलं. तोवर उपाय उरला नव्हता.

त्या पातळपणाला हात लावू नका. नुसतं ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत मोठे बुडबुडे फुटायला लागतात आणि कालथा फिरवला की तळ क्षणभर दिसतो. तेव्हा झाकण ठेवा, पातेल्याखाली जाड तवा सरकवा आणि अगदी मंद आचेवर दहा मिनिटं सोडून द्या. मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका.

झाकण काढल्यावर मधला, खालचा उपमा उकरून एक दाणा दोन बोटांत चिरडा. मधे पांढरा टिपका दिसला तर तो शिजलेला नाही. बाजूच्या उकळत्या पाण्यातलं एक फुलपात्रभर पाणी कडेकडेने सोडा, हलक्या हाताने वर-खाली करा आणि पुन्हा पाच मिनिटं मंद आचेवर झाका. गार पाणी कधीच घालू नका. ते दाण्यात शिरत नाही, बाहेरच राहतं, आणि उपमा एकाच वेळी पचपचीत आणि कच्चा होतो.

उलट जर तो सैल राहिलाच, तर निम्मा परातीत पसरा. वाफ निघून जाते आणि दहा मिनिटांत तो सावरतो. ढवळून आटवायला जाऊ नका, त्याने दाणे मोडून लगदा होतो.

वाढायला घेताना उपमा चमच्यावरून सावकाश घसरेल इतपत मऊ असावा. उरलेलं उकळतं पाणी उशिरा येणाऱ्यांसाठी आहे: पाऊण तासाने एक वाटी पाणी आणि चमचाभर तूप घालून झाकलं की उपमा पुन्हा मोकळा होतो.

पोहे

उपमा झाकून ठेवला की पोहे भिजवायला घ्या, आधी नको. उपमा तासभर गरम राहतो, पोहे राहत नाहीत, वाळतात.

पोह्यांना पाण्याचं प्रमाण नसतं. पाणी त्यांच्यातून वाहून गेलं पाहिजे, साचता कामा नये. पातेल्यात पोहे घेऊन त्यात मोजून पाणी ओतणं हा पोह्यांचा लगदा करायचा खात्रीचा मार्ग आहे. मोठ्या भोकांच्या चाळणीत किंवा रोवळीत एका वेळी अर्धा किलोच घ्या, म्हणजे दोन किलोचे चार घाणे. सगळे एकदम धुतले तर वरच्या पोह्यांचा भार खालच्यांवर पडतो, निथळणारं पाणीही तिथेच अडतं, आणि वरचे कडक असतानाच खालच्यांचा गोळा होतो. नळाखाली हाताने उलटसुलट करत अर्धा मिनिट धुवा, चाळणी तिरकी ठेवून पाच मिनिटं निथळू द्या आणि परातीत पसरा.

दाणा चिमटीत दाबला की सहज चपटा व्हावा, पण त्याचं पीठ होऊ नये. घरी करताना मी तो पूर्ण मऊ होऊ देते. मोठ्या घाण्यात मधे किंचित ताठ असतानाच थांबते, कारण झाकणाखाली एवढ्या पोह्यांची वाफ भरपूर कोंडते आणि उरलेलं काम तीच करते. कमी भिजलेल्या पोह्यांवर पाण्याचा हबका मारता येतो. जास्त भिजलेल्यांना काही इलाज नाही.

प्रत्येक पिशवीतले पोहे सारखं पाणी पीत नाहीत. म्हणून आदल्या रात्री त्याच पिशवीतले मूठभर धुऊन बघा. दहा मिनिटांत मऊ झाले तर सकाळी तसंच करा. कडक राहिले तर सकाळी निथळल्यावर एक हबका जास्त. पातळ पोहे या कामाला घेऊ नका, ते दडप्याला किंवा चिवड्याला.

मीठ आणि साखर परातीतल्या पोह्यांना लावा, पण फोडणी तयार झाल्यावरच. आधीच लावून ठेवले तर पोहे चिकट व्हायला लागतात. बटाटा घालणार असाल तर त्याच्या पातळ काचऱ्या फोडणीत पूर्ण शिजवून घ्या, पोहे पडल्यावर त्या शिजत नाहीत. दोन किलो पोहे एका कढईत हलवताना मोडतात, म्हणून दोन कढया किंवा दोन घाणे करा. पोहे घातले की मधे दाबायचं नाही, कडेने उचलून वर आणायचे. पाच-सात मिनिटं झाकून दणदणीत वाफ आणा आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

दुसरा घाणा पहिला निम्मा संपल्यावरच फोडणीला टाका. धुऊन निथळलेले पोहे परातीत ओलसर पंचाखाली अर्धा-पाऊण तास चांगले राहतात.