‘लिसान्स’ला लायसन्स केलं आणि फसलो

एका उमेदवाराचं, कैरोतल्या एका विद्यापीठाच्या कला शाखेचं प्रमाणपत्र दुबईतल्या नोकरीसाठी मला इंग्रजीत अनुवाद करून द्यायचं होतं. अरबीत पदवीचं नाव होतं ‘लिसान्स’, श्रेणी ‘जय्यिद जिद्दन, मआ मर्तबत अश्शरफ’. मी घाईत ‘लायसन्स इन आर्ट्स’ आणि ‘फर्स्ट क्लास ऑनर्स’ लिहून मोकळा झालो. कंपनीने विचारलं, हा परवाना आहे की पदवी?

चूक माझीच. इजिप्तमध्ये कला आणि कायदा शाखांना ‘लिसान्स’ म्हणतात, तर वाणिज्य, अभियांत्रिकीला ‘बकालोरियूस’. दोन्ही पदव्या बॅचलरच्याच पातळीच्या. म्हणून ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ लिहिलं आणि मूळ शब्द तळटीपेत रोमन लिपीत दिला.

श्रेणीचं प्रकरण जास्त नाजूक. ‘जय्यिद जिद्दन’ म्हणजे फक्त ‘व्हेरी गुड’. त्याच्या वर ‘मुम्ताज’, खाली ‘जय्यिद’ आणि ‘मक्बूल’. ‘फर्स्ट क्लास’ हा ब्रिटिश किंवा आपल्याकडचा हिशेब, तो मी परस्पर चिकटवला होता. ‘शरफ’चा मान तर वेगळाच: दरवर्षी किमान ‘जय्यिद जिद्दन’ टिकवणाऱ्या, कुठेही नापास न झालेल्या विद्यार्थ्याला तो मिळतो. ब्रिटनमधल्या ‘ऑनर्स डिग्री’सारखा तो पदवीचा प्रकार नाही. त्यामुळे ‘ऑनर्स’ पदवीच्या नावाला न जोडता श्रेणीच्या ओळीत ठेवलं: ‘ओव्हरऑल ग्रेड: व्हेरी गुड, विथ ऑनर्स’. शेजारी चारही श्रेण्यांची उतरंड टीप म्हणून दिली.

समकक्षता ठरवणं अनुवादकाचं काम नाही, एवढं त्या उमेदवारालाही सांगितलं. दुसऱ्या खेपेला कागद परत आला नाही.