छापखान्याच्या फाइलीतून वेबसाइटवर: पहिल्या पुस्तकाचं नमुना प्रकरण

पाचोऱ्याच्या एका मित्राचा पहिला कथासंग्रह छापून आला आणि त्याची वेबसाइट करायला आम्ही बसलो. पुस्तकाचं पान तासाभरात झालं. मुखपृष्ठ, किंमत, पृष्ठसंख्या, आयएसबीएन, पुस्तक कुठे मिळेल, एवढंच लागतं. हे सगळं टाइप करून टाका. चित्रातली अक्षरं गूगलच्या शोधात भरवशाने सापडत नाहीत.

अडलो ते नमुना प्रकरणाशी. छापखान्याची फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात होती. मजकूर पानावर चिकटवला, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली. अशा वेळी डीटीपी करणाऱ्याकडून फॉन्टचं नेमकं नाव घ्या आणि त्याच फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा. पीडीएफ चढवून मोकळं व्हावंसं वाटेल, पण मोबाइलवर ती बोटांनी मोठी करून वाचावी लागते.

युनिकोड झालेला मजकूर छापील पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. आमचं खरं काम इथेच निघालं. कथांमधले संवाद अहिराणीत आहेत आणि अहिराणीत ‘करी ऱ्हायना’सारखी रूपं पावलोपावली येतात. कन्व्हर्टरने त्यांचं ‘र्हायना’ केलं होतं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. मग वर्डमध्ये आधी ‘र्ह’ आणि नंतर ‘र्य’ शोधत गेलो. सगळीकडे एकदम बदल करू नका. ‘सूर्य’ आणि ‘अर्हता’ही बिघडतील. एकेक जागा पाहूनच दुरुस्त करा. इनस्क्रिप्टमध्ये ऱ Shift+J वर आहे. त्यानंतर हलन्त, मग ह किंवा य. बारा पानांच्या कथेला दोन संध्याकाळी गेल्या, पण आपली बोली पहिल्यांदाच वाचणाऱ्यासमोर ती चुकीची जाऊ नये.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लिहा. ज्या फॉन्टात सोय असते, तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात:

```
<html lang="mr">
```

कथा पूर्ण द्यायची की तोडून, हे प्रकाशकाशी झालेला करार वाचून ठरवा आणि परवानगी लेखी घ्या. आम्ही एक कथा पूर्ण दिली. अर्ध्यावर तोडलेल्या कथेपेक्षा एक पूर्ण कथा वाचकाला लेखकाची जास्त ओळख करून देते, असं माझं मत आहे.

ईमेल मागणारी चौकट कथेच्या शेवटी ठेवा, कारण तिथवर आलेल्या माणसालाच पुढचं हवं असतं. फक्त ईमेल मागा. पत्ता भरला की खात्रीची लिंक जाईल आणि त्यावर क्लिक केल्यावरच नाव यादीत येईल, अशी सोय मेल पाठवणाऱ्या सेवेत असते. ती चालू करा. आम्ही प्रकाशन समारंभाच्या वहीतले पत्ते न विचारता यादीत टाकले, ही चूक झाली. काही पत्ते चुकीचे वाचले गेल्याने मेल परत आले आणि काहींनी आमचा मेल स्पॅम ठरवला. अशा तक्रारी वाढल्या की ज्यांनी आपणहून नाव दिलंय, त्यांचेही मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात. ती नावं काढली आणि प्रत्येकाला फोन करून विचारलं.