वहीच्या फोटोतली पहिली चूक कशी शोधावी

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीतली दहावीची मुलगी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो पाठवते. खाली लिहिलेलं असतं, "काकू, पुस्तकात ३ आणि ४ आहे, माझं काहीतरी भलतंच येतंय." तिचं गणित हे:

```
(x − 2)² = 3x − 8
x² − 4x + 4 = 3x − 8
x² − 4x + 4 − 3x − 8 = 0
x² − 7x − 4 = 0
x = (7 ± √65)/2
```

आधी पहिली ओळ पुस्तकाशी ताडून पाहा. निम्म्या वेळा मुलांनी गणितच चुकीचं उतरवलेलं असतं. मग फोटो मोठा करून उणे चिन्हं शोधा. वहीच्या आखलेल्या रेघेवरच काढलेलं उणे फोटोत रेघेत मिसळून जातं. शंका आली तर पुढची ओळ पाहा. तिथला हिशेब उणे धरून जुळत असेल, तर ते तिच्या मनात होतं. तरी न कळलं तर सरळ विचारा.

आता खरी युक्ती. बरोबर उत्तर हातात आहेच, म्हणून x च्या जागी 3 ठेवून एकेक ओळ तपासत खाली या. पहिल्या ओळीत दोन्हीकडे 1 येतो. दुसरीतही 9 − 12 + 4 म्हणजे 1, आणि उजवीकडे 9 − 8 म्हणजे 1. तिसरीत मात्र डावीकडे −16 येतात, शून्य नाही. म्हणजे चूक दुसरी आणि तिसरी ओळ यांच्यामध्येच आहे. चौथीतही −16 च येतात, म्हणजे तिथे नवी चूक झालेली नाही. शेवटचं सूत्रही तिने नीट वापरलंय.

हीच तपासणी 4 ठेवूनही करा, कंटाळा करू नका. कुणी x² = 3x ला x ने भागून नुसतं x = 3 लिहिलं, तर 3 ठेवून सगळं बरोबरच दिसतं. शून्य ठेवलं की दुसरी ओळ कोसळते आणि हरवलेलं उत्तर सापडतं.

चूक सापडली की सगळं गणित सोडवून पाठवू नका. मी फोटोत फक्त तिसऱ्या ओळीतल्या − 8 ला गोल केला आणि लिहिलं, "अगं, 3x चं चिन्ह बदललंस, मग 8 चं का नाही?" ती म्हणाली, "पण 8 च्या आधी उणे होतंच की!" गोची इथे होती. बाजू बदलली की उणे लावायचं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून बाजू बदलण्याची भाषाच बाजूला ठेवली. "उजवीकडचे − 8 घालवायला दोन्ही बाजूंत काय मिळवशील?" तिने 8 मिळवले, डावीकडे 4 + 8 झाले, आणि दहा मिनिटांत नवा फोटो आला:

```
x² − 7x + 12 = 0
(x − 3)(x − 4) = 0
```

या वेळी उणे चिन्हं रेघेच्या वर होती.